रिझल्टच्या आदल्या संध्याकाळी

"रिझल्ट आले की तुमचा अल्गो बंद असतो का? आणि तारखा कुठून घेता?"

पूर्ण बंद नसतो, क्वांटिटी कमी असते. कारण सांगायला एचडीएफसी बँकेचं उदाहरण पुरेसं आहे. 16 जानेवारी 2024ला शेअर 1679च्या आसपास बंद झाला आणि निकाल बाजार संपल्यावर आले. दुसऱ्या दिवशी तो आठ टक्क्यांहून जास्त पडला. (पुढे 1:1 बोनस झाला, त्यामुळे आजच्या चार्टवर हे भाव निम्मे दिसतील.)

माझा अल्गो एका सौद्यात 5000 रुपयांची जोखीम घेतो असं धरा. स्टॉप-लॉस 2 टक्क्यांवर, म्हणजे साधारण 34 रुपये खाली. त्या हिशेबाने 147 शेअर येतात. पण रात्रीतून भाव खाली उघडला, तर 34 रुपये खालच्या भावाला घेणारा कोणी नसतोच. 6 टक्के खाली विकले गेले, तरी तोटा 15 हजारांच्या घरात जातो. म्हणून निकालाच्या रात्रीपुरता मी स्टॉपऐवजी 8 टक्क्यांचा गॅप धरून भागतो: 5000 भागिले 134, म्हणजे 37 शेअर. बाकीचे आदल्या सत्रातच विकायचे.

तारखा एक्सचेंजवरच्या बोर्ड मीटिंगच्या सूचनांमधून येतात. खरा घोळ पुढे आहे, कारण ती तारीख मीटिंगची असते, भाव हलण्याची नव्हे. शनिवारी निकाल देणारी बँक शुक्रवारी साडेतीनच्या आत कमी करावी लागते आणि भाव सोमवारी हलतो. दुपारी भर बाजारात निकाल लागणार असेल, तर त्याच सकाळी. म्हणून माझ्या फाइलमध्ये तारखेशेजारी "बाजाराआधी, चालू असताना, नंतर" असा रकाना आहे. तो मी मागच्या तिमाह्यांच्या निकालांवरची वेळ बघून भरतो. वेळ नक्की नसेल, तर आदल्या सत्रापासून दुसऱ्या दिवसाच्या बंदपर्यंत क्वांटिटी कमीच.

फाइल रोज सकाळी ताजी व्हावी लागते, कारण तारखा बदलतात आणि सूचना आता फक्त दोन कामकाजाचे दिवस आधी दिली तरी चालते. फाइलवर आजची तारीख नसेल, तर अल्गो नवीन सौदा घेत नाही. रिकामी ओळ म्हणजे "निकाल नाही" असं समजणारा कोड मला सगळ्यात धोकादायक वाटतो. तिमाही निकालाला 45 दिवसांची, मार्च तिमाहीला 60 दिवसांची मुदत असते. मुदत जवळ आली आणि तारीख सापडली नाही, तर तो शेअर मी निकाल तोंडावर आहे असंच धरून चालवतो.

सीझन संपल्यावर मोठ्या गॅपचे दिवस काढून फाइलशी ताडून बघतो. तिथे एक जात हमखास सुटलेली दिसते. बँका तिमाही संपल्यावर पहिल्या काही दिवसांत ठेवी आणि कर्जांचे आकडे देतात, त्यासाठी बोर्ड मीटिंगची सूचना नसते. 5 जुलै 2024ला एचडीएफसी बँक अशाच आकड्यांवर चारेक टक्के पडली. त्या ओळी मी हातानेच घालतो.