कोर्टाच्या तारखेसाठी रजेचा अर्ज

बुधवार, रात्री

आज वाटपाच्या दाव्यातल्या एका वादीचा रजेचा अर्ज नीट करून दिला. पुढच्या गुरुवारी त्याचा उलटतपास आहे. त्याच्या मसुद्यात दीड पान हकिकत होती: वडिलांचं घर, भावाच्या नावाचं बक्षीसपत्र, सगळंच. हा कागद आवक-नोंदीपासून आस्थापनेपर्यंत किती हातांतून जाणार! रजा मंजूर करणाऱ्याला त्यातलं काहीच लागत नाही. तारीख कोणती आणि हजर राहणं का टळत नाही, एवढंच त्याला हवं असतं.

शेवटी उरलं ते असं: "माझ्या वैयक्तिक दिवाणी प्रकरणात गुरुवारी न्यायालयात माझी साक्ष आहे व मला जातीने हजर राहणे आवश्यक आहे. त्या दिवसाची किरकोळ रजा मंजूर व्हावी. साक्ष अपुरी राहिल्यास दुसऱ्या दिवशीही जावे लागेल; तसे त्याच संध्याकाळी कळवीन."

शेवटचं वाक्य बहुतेक जण विसरतात. सरतपास, म्हणजे आपली स्वतःची साक्ष, प्रतिज्ञापत्रावर होतो, पण उलटतपासाला स्वतः उभं राहावं लागतं आणि तो एका दिवसात संपेलच असं नाही. अर्धी रजाही मागू नये. कोर्टाच्या त्या दिवसाच्या बोर्डावरचा क्रमांक म्हणजे वेळ नव्हे. पुकारा दुपारनंतरही होतो.

सीएनआर क्रमांक मात्र अर्जातून काढायला लावला. दाव्याच्या त्या सोळा अंक-अक्षरांच्या ओळख क्रमांकावरून ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावर कुणालाही पक्षकारांची नावं आणि पुढची तारीख दिसते. दाव्याचा क्रमांकही नको. आजारपणाचं कारण तर मुळीच देऊ नये, कारण कोर्टाच्या त्या दिवसाच्या रोजनाम्यात हजेरी नोंदलेली असते.

तो पक्षकार नसून नुसता साक्षीदार असता तर काम सोपं होतं. समन्स हाच पुरावा. सबळ कारणाशिवाय गैरहजर राहिल्यास न्यायालय वॉरंट काढू शकतं, पाच हजार रुपयांपर्यंत दंडही करू शकतं. मूळ समन्स साहेबांना दाखवावं आणि फाइलला लावायच्या प्रतीत पक्षकारांची नावं झाकावीत. पक्षकाराला मात्र दर तारखेचं समन्स येत नाही. कार्यालयाने कागद मागितलाच, तर अमुक तारखेला साक्षीसाठी हजेरी आवश्यक, एवढंच वकिलांकडून लेटरहेडवर लिहून घ्यावं. साक्ष झाली की निघण्यापूर्वी वकिलांमार्फत कोर्टाकडे उपस्थितीचा दाखला मागावा. त्यावर दाव्याचा क्रमांक येतो, म्हणून तो आवक-नोंदीत न देता साहेबांना प्रत्यक्ष दाखवलेला बरा.

एरवी प्रत्येक तारखेला रजा टाकायचं कारण नाही. युक्तिवादाला किंवा नुसती मुदत मागायची असेल तेव्हा वकील पुरतात. साक्ष आणि मध्यस्थी यांसाठी रजा राखून ठेवायला त्याला सांगितलं.

आता पुढच्या बुधवारी संध्याकाळी त्याने वकिलांना विचारून तारीख कायम आहे ना, हे पाहायचं. न्यायाधीश रजेवर असल्याचं कळलं, तर सकाळी अर्ज मागे घेता येईल.