भान हरपल्याची सबब

गाणं ऐकताना भान हरपलं, असं आपण अगदी सहज म्हणतो आणि ऐकणाराही मान डोलावतो. दिल्लीचे सूफी संत निजामुद्दीन औलिया यांच्याकडे मात्र ही सबब चालली नव्हती. काही दर्वेशी समाच्या, म्हणजे सूफी भक्तिगायनाच्या, वाद्यांसह चाललेल्या मैफलीत नाचले, असं त्यांच्या कानावर आलं. ‘आम्ही समामध्ये इतके बुडालो होतो, की वाद्यं आहेत की नाहीत हेच कळलं नाही,’ असं त्या दर्वेशींचं म्हणणं. औलिया म्हणाले, हे काही उत्तर नव्हे. असं तर कुठल्याही पापाबद्दल सांगता येईल!

आणि हे बोलणारे स्वतः समाचे मोठे भोक्ते. फक्त त्यांच्या अटी होत्या. गाणारा प्रौढ पुरुष हवा, ऐकणाऱ्याचं मन ईश्वराशी लागलेलं हवं, पद अश्लील नको आणि साथीला चंग, रबाब वगैरे वाद्यं नकोत. त्यापुढची पायरी आणखी नाजूक. ऐकणाऱ्याचं मन पूर्णपणे ईश्वराकडे असेल तर तेच गाणं हलाल आणि पूर्णपणे इहलोकीच्या प्रेमात असेल तर हराम. मधल्या माणसांसाठी मधल्या दोन श्रेणी. माझी जागा बहुधा या मधल्यांतच कुठेतरी.

इथेच काझींची अडचण सुरू होते, आणि मला ती खरी वाटते. मनाचा कल कोण मोजणार? न्यायासनावर बसलेल्याला दिसते ती उघड कृती. शिवाय दिल्लीतले बहुतेक उलेमा, म्हणजे धर्मपंडित, हनफी आणि त्या पंथात गाण्याबद्दल नापसंती होतीच. गियासुद्दीन तुघलकाच्या काळात (१३२०–१३२५) हा वाद थेट दरबारात गेला. औलियांना उलेमांसमोर बोलावलं गेलं. त्यांनी हदीसचा, म्हणजे पैगंबरांच्या वचनांचा आधार दिला, तर समोरून मागणी आली ती हनफी पंथाचे प्रवर्तक अबू हनीफा यांच्या मताची. परतल्यावर त्यांना सर्वांत जास्त खुपलं ते हेच. शेवटी मौलाना इल्मुद्दीनांना विचारण्यात आलं. बगदाद, शाम म्हणजे सीरिया आणि रूम म्हणजे तुर्कस्तान पाहून आलेला हा माणूस. ते म्हणाले, तिकडे समा ऐकतात आणि कुणी अडवत नाही. जो मनाने ऐकतो त्याला तो वैध, जो वासनेने ऐकतो त्याला अवैध. म्हणजे मोजमाप पुन्हा मनाचंच.

आज दर्ग्यात कव्वालीला पेटी असते, ढोलक असतो. औलियांच्या अटी लावायच्या तर पहिला आक्षेप त्यांचाच येईल.

औलियांची संभाषणं टिपून ठेवणारे अमीर हसन सिज्झी आपल्याकडे, वेरूळजवळच्या खुलताबादला चिरनिद्रा घेत आहेत. औलियांचे शिष्य बुर्‍हानुद्दीन गरीब यांचा दर्गाही तिथेच. समामध्ये त्यांची मंडळी अशी काही नाचत, की त्या नाचण्याच्या ढंगालाच ‘बुर्‍हानी’ असं नाव पडलं.