निळं पेन, हिरवं पेन

गुरुवार, रात्री. बाहेर पावसाची झड लागलीय.

परवा नववीतल्या एका मुलाचा मेल आला. विषय: ‘वेळेबद्दल विनंती’. मजकूर चारच ओळींचा. “मॅडम, उतारा मला समजतो, पण वाचून होईपर्यंत वेळ जातो. शेवटचे प्रश्न मी वाचतच नाही. आकलनाच्या चाचणीत थोडा जास्त वेळ मिळेल का? गणिताला नको.”

शेवटचं वाक्य सगळ्यात कामाचं. सरसकट सवलत हवी असती तर त्यानं गणित वगळलं नसतं. मागच्या तिन्ही चाचण्यांचे पेपर काढून बघितले. लिहिलेली उत्तरं जवळजवळ सगळी बरोबर आणि शेवटचे प्रश्न कोरे, तिन्ही वेळा तेच. ज्याला उतारा कळतच नाही त्याच्या पेपरात चुका सगळीकडे विखुरलेल्या असतात. वेळ कमी पडणाऱ्याचा पेपर शेवटाला रिकामा असतो.

हे आजवर लक्षात कसं आलं नाही, याचं कारण बहुतेक लिपीत आहे. मराठीत जसं लिहितो जवळपास तसंच वाचतो, त्यामुळे अडखळणारं मूलसुद्धा अक्षर-अक्षर जुळवत शब्द बरोबरच उच्चारतं. चूक ऐकू येत नाही, फक्त गती कमी असते. इंग्रजीत स्पेलिंग आणि उच्चार यांचं जमत नसल्यामुळे तेच मूल चटकन पकडलं जातं.

काल दुपारी त्याला अनोळखी परिच्छेद मोठ्यानं वाचायला दिला आणि घड्याळ लावलं. मिनिटाला ५८ शब्द, चूक एकच. मग दुसरा परिच्छेद मी वाचून दाखवला आणि तोंडी प्रश्न विचारले, तर सगळी उत्तरं धडाधड आली. ऐकून कळतं, वाचूनही कळतं, फक्त वाचायला वेळ लागतो. ऐकूनही कळलं नसतं तर शब्दसंग्रहाकडे बघावं लागलं असतं, आणि तिथं जादा वेळ देऊन काही उपयोग नसतो.

त्यानंतरची चाचणी सगळ्या वर्गाचीच घेतली. गुऱ्हाळावरचा ३१० शब्दांचा उतारा, ८ प्रश्न, १० गुण, २५ मिनिटं. निळ्या पेनानं लिहायचं. २५ मिनिटं झाली की निळं पेन खाली आणि हिरवं हातात, त्यानं पुढची १० मिनिटं. त्याचं निळ्यात ५ प्रश्न, ६ गुण. हिरव्यात उरलेले ३ प्रश्न, ३ गुण, तेही ७ मिनिटांत. बाकीच्यांच्या पेपरात हिरवं जेमतेम एखाद्या ओळीपुरतं होतं. सगळ्यांचेच गुण असे वाढले असते तर चाचणीच लांबलचक होती असं म्हणावं लागलं असतं.

सात मिनिटं जातात कुठं? ५८ च्या गतीनं ३१० शब्दांना जवळपास साडेपाच मिनिटं लागतात, दोनदा वाचलं की जवळपास अकरा. ११५ च्या गतीनं वाचणाऱ्याचं दोन्ही वेळचं मिळून साडेपाचात होतं. वर प्रश्नागणिक उताऱ्यात परत शोधाशोध. ‘मळी का काढतात?’ या प्रश्नाला तो काहिलीच्या ओळीपासून बोट फिरवत चुलवाणापर्यंत गेला आणि पुन्हा वर आला. बाकीची मुलं नजर टाकून शब्द हेरतात. याला ओळ वाचावीच लागते.

केंद्राच्या २०१८ च्या परीक्षाविषयक सूचनांमध्ये अपंगत्व असलेल्या परीक्षार्थींना तासाला किमान २० मिनिटं भरपाईचा वेळ धरला होता. त्या हिशेबानं २५ मिनिटांना साधारण आठ होतात. याला सात लागली, म्हणजे आठ बरोबर बसतात.

आता खरी अडचण ही की आठ मिनिटं द्यायची कधी. शेवटी दिली तर पेपर गोळा होताना, बाकं सरकत असताना, मधल्या सुट्टीचा डबा पोरं उघडत असताना त्याला वाचावं लागणार. तसला वेळ देऊन न दिल्यासारखाच. त्यापेक्षा आधीच्या तासाच्या सरांना सांगून त्याला आठ मिनिटं आधी बसवावं. प्रश्न कमी करायचा पर्याय मला पटत नाही, कारण मग त्याचं मोजमाप इतरांशी जुळणार नाही. मात्र वाचनाची गतीच मोजायची असेल त्या चाचणीत जादा वेळ नाही.

वर्गातल्या चाचणीला एवढं पुरे. दहावीच्या बोर्डाला माझ्या पेनांचा उपयोग नाही. तिथं अधिकृत वैद्यकीय तपासणीचं प्रमाणपत्र लागतं, आणि त्याआधी डोळे तपासून घ्यायचे, कारण चष्म्याच्या नंबरामुळेही वाचन असंच मंदावतं. विशिष्ट अध्ययन अक्षमता २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आली आहे, पण नुसतं हळू वाचणं म्हणजे ती आहेच असं नाही. ते तपासणारे ठरवतील. तपासणीच्या तारखा लांबतात म्हणून नववीतच सुरुवात केलेली बरी. पालकांशी शनिवारी बोलायचं.

उत्तर पाठवलं: “तुझा मेल मिळाला. पुढच्या मंगळवारी चाचणीला आठ मिनिटं आधी ये, मागच्या खोलीत बस. निळं पेन आण. हिरवं लागणार नाही. शनिवारी आई किंवा बाबांना घेऊन ये.”