ओकनचा आकडा का सरकतो?

«हा ‘नियम’ असेल, तर ओकनचा गुणांक दर पुस्तकात वेगळा का? खरा कोणता?»

वर्गात दरवर्षी हे कुणी ना कुणी विचारतंच. ओकनचा नियम म्हणजे उत्पादन जोरात वाढलं की बेरोजगारी घटते आणि मंदावलं की वाढते; किती, ते गुणांक सांगतो. उत्तराला मूळ समीकरणापासूनच सुरुवात करावी लागते. अर्थतज्ज्ञ आर्थर ओकन यांनी १९६२ मध्ये अमेरिकेच्या युद्धोत्तर तिमाही आकड्यांवर एक साधं रिग्रेशन चालवलं, म्हणजे आकड्यांमधून सर्वांत जवळून जाणारी सरळ रेषा काढली:

बेरोजगारीच्या दरातला बदल = ०.३० − ०.३० × उत्पादनवाढ

सगळे रेषेच्या उताराकडे, म्हणजे दुसऱ्या ०.३० कडे बघतात; गुणांक म्हणतात तो हाच. मी आधी पहिल्या ०.३० कडे बघायला सांगते. बेरोजगारी जागच्या जागी राहायला तिमाहीला १ टक्का, म्हणजे वर्षाला साधारण ४ टक्के वाढ हवी, असं तो आकडा उताराने भागल्यावर कळतं.

आता हेच समीकरण २०१० नंतरच्या दशकाला लावा. अमेरिकेची वाढ वर्षाला जेमतेम २ टक्क्यांच्या आसपास होती. तिमाहीला ०.५ धरली तर बेरोजगारी दर तिमाहीला ०.१५ ने, वर्षाला ०.६ ने वाढायला हवी. दशकात १० वरून १६ टक्के! प्रत्यक्षात ती १० वरून ३.५ च्या आसपास आली. मनुष्यबळाची आणि उत्पादकतेची वाढ मंदावल्यामुळे बेरोजगारी स्थिर ठेवणाऱ्या वाढीचा हा उंबरठाच मुळात खाली आला होता. तो सगळ्या काळासाठी एकच धरून साठ-सत्तर वर्षांचे आकडे एकत्र कोंबले, तर उतार उगाच सपाट निघतो. जुन्या वेगवान आणि नंतरच्या संथ, अशा दोन्ही काळांत दीर्घ पल्ल्यात बेरोजगारीतला सरासरी बदल शून्याजवळ, वाढीचा वेग मात्र वेगळा. त्याचा भार बिचाऱ्या उतारावर पडतो.

उतारही खरोखर बदलतो, हे मात्र मान्य करायलाच हवं. उत्पादन ३ टक्क्यांनी घटलं, तर पूर्वीच्या कंपन्या बरीचशी माणसं ठेवून घेत आणि कामाचे तास कापत. ताशी उत्पादकताही घसरे. मग बेरोजगारी एखाद्या टक्क्यानेच वाढे. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून मंदीत उत्पादकता पूर्वीइतकी पडत नाही, २००९ मध्ये तर ती वाढली. धक्का थेट नोकऱ्यांवर येतो, म्हणून आता ‘तिनास एक’ऐवजी ‘दोनास एक’ म्हणतात. जर्मनीत त्याच २००९ मध्ये उत्पादन ५ टक्क्यांहून जास्त घसरलं, पण सरकारी मदतीने तास कापले गेले आणि बेरोजगारी फारशी हललीच नाही.

तिसरी गोष्ट निव्वळ हिशेबाची. दर वेळी फक्त लगतच्या ४० तिमाह्या घेऊन, म्हणजे ‘सरकत्या खिडकी’ने गुणांक काढला, की अमेरिकेची २०२० ची दुसरी तिमाही कधीतरी त्यात शिरते. उत्पादन साधारण ८ टक्क्यांनी खाली, बेरोजगारी ३.८ वरून १३ वर, कारण त्या बेरोजगारांपैकी बहुतेकांना तात्पुरतं घरी बसवलं होतं. या एका बिंदूने रेषा आपल्याकडे ओढून घेतली जाते. म्हणून ती तिमाही आणि लगेच उसळी मारलेली पुढची तिमाही वगळून रिग्रेशन पुन्हा चालवावं. गुणांक त्या खिडकीत शिरताना उडी मारत असेल आणि बाहेर पडताना परत येत असेल, तर त्यावरून श्रमबाजार बदलल्याचा निष्कर्ष काढू नये.