आमची वाटचाल : शर्टामागचे सहा रुपये

सोलापुरात गणवेश शिवणारे आम्ही काही एकटे नाही. हाक मारली तर दोन गल्ल्या सोडून दुसरा कारखानदार ओ देईल. आठ मशिनांवर सुरुवात केली तेव्हा सगळं काम पीस रेटवर चालायचं. शर्टामागे ठरलेले पैसे कारागिराच्या हातावर ठेवले की मजुरीचा हिशेब तिथेच मिटायचा. कोणी दिवसात दहा शर्ट शिवो नाहीतर पंधरा, आमच्या वहीत शर्टाची मजुरी तीच राहायची.

पुढे मोठ्या शाळांच्या आणि परराज्यातल्या व्यापाऱ्यांच्या ऑर्डरी यायला लागल्या. त्यांना हजारो शर्टांत एकसारखी कॉलर लागायची. एका कारागिराने अख्खा शर्ट शिवण्याची पद्धत तिथे कमी पडली, म्हणून लाइन टाकली. एक जण फक्त कॉलर करणार, एक फक्त खिसा लावणार, आणि सगळ्यांना पगार दिवसाच्या हिशेबाने. माल सुधारला, पण शर्टाची मजुरी दर महिन्याला वेगळी निघू लागली. मार्चमध्ये ४१ रुपये, मेमध्ये ४७. हिशेब माझी वहिनी बघते. महिन्याच्या अहवालात ती ‘मजुरी जास्त’ असं लिहून लाल रेघ मारायची. ती रेघ बघून मी लाइन सुपरवायझर ताईंना बोलवायचो, ताई म्हणायच्या, “बायका काम करतातच की हो, साहेब,” आणि बोलणं तिथेच थांबायचं. एका आकड्यावर यापेक्षा जास्त काय बोलणार?

म्हणून आम्ही तो आकडा फोडायला लागलो. मजुरी दोनच कारणांनी वाढते. तासाला ठरल्यापेक्षा जास्त पैसे गेले, हा दराचा फरक. किंवा कामाला ठरल्यापेक्षा जास्त तास लागले, हा वेळेचा फरक. पुस्तकात याला रेट आणि एफिशियन्सी व्हेरियन्स म्हणतात. मांडणी सोपी आहे, पण त्याआधी ‘ठरलेलं’ म्हणजे किती, हे पक्कं हवं.

अर्ध्या बाहीच्या साध्या शर्टाचं सॅम, म्हणजे स्टॉपवॉच लावून काढलेली प्रमाणित मिनिटं, आमच्याकडे २१ आहेत. पण २१ मिनिटांवर मजुरी धरली तर दर महिन्याला तोटाच दिसेल, कारण शंभर टक्के कार्यक्षमतेने चालणारी लाइन मी अजून पाहिलेली नाही. आमची लाइन नीट चालते तेव्हा ६० टक्क्यांवर असते. २१ ला ०.६० ने भागलं की ३५ मिनिटं येतात. कॉस्टिंगला आम्ही हीच ३५ मिनिटं धरतो. तासाचा दर ७० रुपये, म्हणजे शर्टाची मजुरी ४० रुपये ८३ पैसे. या ७० रुपयांत फक्त पगार आहे. पीएफ आणि ईएसआयचा मालकाचा वाटा वेगळ्या ओळीत असतो, कारण ओव्हरटाइमच्या पैशांना त्यांचे नियम नेहमीच्या पगारासारखेच लागू होत नाहीत. दोन्ही दरात मिसळले तर ओव्हरटाइमच्या महिन्यात दर कशाने हलला ते कळत नाही.

आता मे महिना घ्या. जूनच्या मध्याला शाळा उघडतात, त्यामुळे आमची खरी परीक्षा मेमध्येच. महिन्याच्या सुरुवातीला लाइन रिकामी होती. महिनाअखेर ११,८०० शर्ट पूर्ण झाले आणि ४०० अर्धवट बंडलांत होते. त्या ४०० चे आम्ही २०० धरले. म्हणजे काम झालं १२,००० शर्टांचं. अर्धवट माल सोडून दिला तर त्यावर गेलेले तास हिशेबात येतात, शर्ट येत नाहीत, आणि लाइन उगाच आळशी दिसते.

१२,००० शर्टांना ३५ मिनिटांप्रमाणे ७,००० तास लागायला हवे होते, म्हणजे मजुरी ४,९०,००० रुपये. इथे झालेलंच उत्पादन धरायचं, महिन्याच्या सुरुवातीला ठरवलेलं नाही. प्रत्यक्षात पगार गेला ७,६०० तासांचा : ७,२०० नेहमीचे आणि ४०० ओव्हरटाइमचे. रक्कम ५,६२,४००. फरक ७२,४०० रुपयांचा, शर्टामागे सहा रुपये.

५,६२,४०० ला ७,६०० ने भागलं की तासाला ७४ रुपये पडले. ठरल्यापेक्षा चार रुपये जास्त, गुणिले ७,६०० तास, म्हणजे ३०,४०० रुपये दराचा फरक. तास ६०० जास्त लागले, गुणिले ठरलेले ७० रुपये, म्हणजे ४२,००० रुपये वेळेचा फरक. बेरीज ७२,४००. तासांच्या फरकाला ७० नेच गुणायचं. ७४ ने गुणलं तर दराचा बोजा दोनदा मोजला जातो आणि बेरीज जुळत नाही. वहिनीची पहिली तपासणी हीच असते : दोन तुकडे मिळून मूळ आकडा आला पाहिजे.

इथवर आलं की बहुतेक अहवाल थांबतात. ‘लाइन सुस्त, ४२,००० चं नुकसान’ असं लिहिलं जातं. पण ७,६०० हे पगाराचे तास आहेत, कामाचे नव्हेत. लाइन थांबली की ताई एका चिठ्ठीवर कारण, वेळ आणि किती जणी बसून राहिल्या ते लिहितात. मेच्या चिठ्ठ्यांची बेरीज ३५० तास झाली. त्यातले ६० विजेचे. उरलेले २९० तास बकरमची, म्हणजे कॉलर ताठ राहावी म्हणून आत घालायच्या कडक कापडाची, वाट पाहण्यात गेले. बकरम उशिरा आलं. पहिल्या दिवशी पुढचे भाग, खिसे, बाह्या शिवून झाल्या, पण कॉलरच नाही म्हटल्यावर जोडणीला पुढे काय देणार? बंडलांची थप्पी लागली आणि मागची अर्धी लाइन हात बांधून बसली.

थांबलेल्या ३५० तासांचे ७० रुपयांप्रमाणे २४,५०० झाले. ते बाजूला काढले की लाइनच्या नावावर उरतात २५० तास, म्हणजे १७,५०० रुपये. ताईंना उत्तर द्यायला सांगायचं ते एवढ्याचंच.

त्या २५० तासांतही एक गोम होती. एका शाळेने यंदा साध्या कापडाऐवजी चेक्स घेतलं. खिशावरची रेघ छातीवरच्या रेघेला जुळवायची, पुढच्या पट्टीवरही जुळवायची, म्हणून खिसा लावणारी दर वेळी कापड सरकवून बघते. घड्याळ लावून पाहिलं तर शर्टामागे तीन मिनिटं जादा जात होती. असे ४,००० शर्ट होते, म्हणजे २०० तास, १४,००० रुपये. ही सुस्ती नव्हे, आमचं ३५ मिनिटांचं माप चेक्सला लागू पडत नव्हतं. आता चेक्सचं माप ३८ मिनिटं आहे आणि दर सांगताना शर्टामागे साडेतीन रुपये जास्त सांगतो. व्यापारी कुरकुर करतो, तो भाग वेगळा. उरले ५० तास, साडेतीन हजार रुपये. ते नव्या मुलींच्या शिकण्यात गेले.

दराचा फरक बघा. ओव्हरटाइमला कायद्याने दुप्पट दर. ४०० तासांवरचे जादा ७० रुपये म्हणजे २८,०००. उरलेले २,४०० जुन्या, जास्त पगाराच्या कारागिरांना कॉलरवर बसवल्यामुळे गेले. रूढ पद्धतीने दराचा फरक पगार ठरवणाऱ्याच्या, म्हणजे माझ्या नावावर जातो. पण ओव्हरटाइम लावलाच का? बकरममुळे बुडालेले २९० तास भरून काढायचे होते. त्या २९० तासांचा जादा दर २०,३०० रुपये होतो. बसून काढलेले तासही २९०, त्यांचा पगारही २०,३००. म्हणजे एका उशिराने ४०,६०० रुपये खाल्ले. अर्धे वेळेच्या रकान्यात दिसले, अर्धे दराच्या, आणि बकरमचं नाव एकाही रकान्यात नव्हतं.

सूत्र एवढंच सांगतं की पैसा कुठल्या रकान्यातून गेला, तो कोणामुळे गेला हे सांगत नाही. म्हणून अहवालात आता तिसरा तक्ता असतो, कारणांचा : बकरम ४०,६००, चेक्स १४,०००, घाईत घेतलेल्या ऑर्डरीचा ओव्हरटाइम ७,७००, वीज ४,२००, शिकाऊ ३,५००, जुने कारागीर २,४००. बेरीज पुन्हा ७२,४००. हा तक्ता ताईंसमोर ठेवला तेव्हा त्यांनी आधी शिकाऊंच्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, “एवढंच आमचं? मग एवढं मी बघते.” बकरमची ओळ खरेदीकडे गेली. कॉलरचा माल कटिंगच्या आधी गोदामात नसेल तर ती ऑर्डर लाइनवर चढवायची नाही, असं ठरलं. बकरमची गुंडाळी दहा दिवस आधी आणून ठेवण्यात अडकणारा पैसा ४०,६०० च्या मानाने किरकोळ आहे.

ही पद्धत सगळीकडे चालत नाही. काज-बटण आम्ही अजून बाहेर पीस रेटवर देतो. तिथे किती तास लागले याचा आमच्या खिशाशी संबंध नाही, फरक आला तर तो दराचाच. ते काम या तक्त्यात घेतलं तर वेळेचा फरक उगाच पातळ दिसतो. सॅम्पलिंगचे तासही बाहेर ठेवतो, कारण दोन शर्टांसाठी दिवस जातो तिथे प्रमाणित मिनिटं लावण्यात अर्थ नाही.

राज्य सरकारचा विशेष भत्ता १ जानेवारी आणि १ जुलैला बदलतो. त्या दिवसापासून ७० चा आकडा बदलायला हवा. तसाच ठेवला तर पुढचे सहा महिने दराचा फरक प्रतिकूल येत राहील आणि कोणाच्या हातात नसलेल्या गोष्टीवर दर महिन्याला बैठक होईल. जुलैचा अहवाल करायच्या आधी वहिनी नवा दर त्या रकान्यात टाकते आणि जुना बाजूला पेन्सिलीने लिहून ठेवते. पुढच्या हंगामाचे भाव जूनमध्येच सांगून टाकलेले असतात, ते कुठल्या दरावर सांगितले हे डिसेंबरात शोधावं लागतं.