मधला कॅशे माणूस ओळखत नाही

तुम्ही विचारलंत: "आमचं पान लॉगिनशिवाय उघडतच नाही, मग त्याला `Cache-Control` हेडरमध्ये `private` किंवा `no-store` लावायची गरज काय?"

लॉगिन तपासतो तो मूळ सर्व्हर. त्याच्या पुढे सीडीएनचा, म्हणजे वापरकर्त्यांजवळ उत्तरांच्या प्रती ठेवणाऱ्या सर्व्हरजाळ्याचा, सामायिक कॅशे उभा असेल आणि त्याच्याकडे साठवलेलं ताजं उत्तर असेल, तर विनंती मूळ सर्व्हरपर्यंत पोहोचतच नाही. हा कॅशे उत्तर शोधतो ते प्रामुख्याने यूआरएल पाहून. कुकी सहसा त्यात धरली जात नाही. `Authorization` हेडरसह आलेल्या विनंतीचं उत्तर सामायिक कॅशेने स्पष्ट परवानगीशिवाय इतरांना देऊ नये, असा एचटीटीपी कॅशिंगच्या मानकाचा, आरएफसी 9111 चा, नियम आहे. कुकीसाठी मात्र असा नियम नाही, आणि अनेक संकेतस्थळांचं लॉगिन कुकीवरच चालतं.

मी ज्या संघात होतो तिथे वेग वाढवण्यासाठी सर्व `GET` उत्तरांना सरसकट, सामायिक कॅशेला 300 सेकंद साठवू देणारी, ही ओळ लावली गेली:

```
Cache-Control: public, s-maxage=300
```

त्यात `/api/me` हेही आलं. एका व्यक्तीने ते उघडलं आणि दोन मिनिटांनी त्याच भागातल्या दुसऱ्या व्यक्तीला पहिलीचं नाव व फोन क्रमांक दिसला. आम्ही आधी सत्रांच्या कोडमध्ये चूक शोधत बसलो. उलगडा झाला तो दोन खुणांमुळे: उत्तरात `Age: 120` होतं, म्हणजे ते 120 सेकंद जुनी साठवलेली प्रत होती, आणि दुसऱ्या व्यक्तीच्या विनंतीची मूळ सर्व्हरच्या नोंदींत एकही ओळ नव्हती.

`private` म्हटलं की सामायिक कॅशेने साठवायचं नाही, पण त्या व्यक्तीच्या ब्राउझरने साठवलं तर चालतं. ही गळती तेवढ्याने थांबली असती. मात्र संगणक अनेकांच्या वापराचा असेल, तर लॉगआउटनंतरही ती प्रत डिस्कवर राहू शकते. म्हणून ओळखपत्रं, आरोग्याच्या नोंदी, बँकेचे व्यवहार यांना मी `no-store` लावतो. तिथे कोणत्याही कॅशेने काहीच साठवायचं नसतं. त्याची किंमत अशी की `ETag` देऊन 304 मिळवण्याची सोय जाते आणि दर वेळी पूर्ण उत्तर पाठवावं लागतं. नावाने चकवणारा एक तिसरा निर्देश आहे, `no-cache`: तो साठवू देतो, फक्त वापरण्याआधी मूळ सर्व्हरला विचारायला लावतो.

दुरुस्तीनंतरही सावध राहावं लागतं, कारण नवं `no-store` आधीच साठलेली प्रत पुसत नाही. मुदत संपेपर्यंत तीच दिली जाते, म्हणून सीडीएनवरून ती स्वतंत्रपणे काढून टाकावी लागते. शिवाय सीडीएनवर "सर्व काही साठवा" असा नियम असेल, तर तो मूळ सर्व्हरच्या हेडरवरही मात करू शकतो. त्यामुळे मी हेडर लिहून थांबत नाही: दोन खात्यांच्या कुकी घेऊन, बाहेरून, एकाच यूआरएलला लागोपाठ विनंती करतो आणि दुसऱ्या उत्तरात कोणाचं नाव येतं ते वाचतो.