पाटा आणि वित्तहानी

शुक्रवार, रात्री साडेदहा

तृतीय वर्षाचे प्रकल्प तपासतेय. विषय पानशेतचा पूर, १२ जुलै १९६१. आंबी नदीवरचं ते मातीचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासलाही गेलं आणि नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं. एवढं पुण्यातल्या कुठल्याही घरात ऐकायला मिळतं, म्हणूनच पूर पाहिलेल्या एका तरी माणसाशी बोलून लिहा असं मुलांना सांगितलं होतं.

अकराव्या प्रकल्पाशी थांबले. मुलगी गोखलेनगरची, म्हणजे पूरग्रस्तांच्या वसाहतीतलीच. दोन वर्षं तिचं लिखाण वाचतेय. आणि हा प्रकल्प, कसं सांगू, इस्त्री केलेला आहे.

लगेच मनात नको ते आलं, म्हणून पेन खाली ठेवून चहा केला. सहा-सात वर्षांपूर्वी एका मुलाला भर वर्गात विचारलं होतं, "हे तूच लिहिलंस का रे?" त्याचं शुद्धलेखन एका रात्रीत सुधारलं होतं, तेवढाच माझा पुरावा. नंतर कळलं, अप्पा बळवंत चौकातल्या डीटीपीवाल्या काकांनी टाइप करताना सगळे ऱ्हस्व-दीर्घ नीट केले होते. त्याचे पैसेही वेगळे घेतले नव्हते. तो मुलगा वर्षभर मागच्या बाकावर बसला आणि पुन्हा कधी काही विचारायला आला नाही.

त्यामुळे शुद्धलेखन बाजूला. टाइप झालेल्या कागदावर ते मुलाचं असेल असं धरून चालतच नाही.

शनिवार

स्टाफरूममध्ये म्हटलं तर सहकारी म्हणाले, "सॉफ्टवेअरमध्ये टाका ना, साम्य किती येतं बघा." यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, ते ठीक. पण ते सॉफ्टवेअर मजकूर दुसरीकडून उचललाय का एवढंच बघतं. घरातल्या कुणी बसून नव्याने लिहून दिलं तर साम्य शून्य येईल. माझा प्रश्न तो नव्हताच.

मग तिचे जुने कागद काढले. चाचणीच्या उत्तरपत्रिका दोन, मागच्या सत्रातला घरी लिहिलेला निबंध एक. उत्तरपत्रिका मी तुलनेला घेतल्या नाहीत. तासाभरात घाईने लिहिलेलं उत्तर आणि तीन आठवडे हाताशी असताना लिहिलेला प्रकल्प यांत फरक असायलाच हवा. उरला निबंध. त्यातलीही सरासरी नाही धरली. त्यातला सगळ्यात चांगला परिच्छेद शोधला, कारण मुलगी वाढलीये का हे बघायचं तर तिच्या उंचीपासून मोजायला हवं.

तो परिच्छेद आणि प्रकल्पाचं पहिलं पान शेजारी ठेवलं. नवे जड शब्द होते, पण त्याचं मला काही वाटलं नाही. मुलं पुस्तक वाचली की शब्द उचलतात, चुकीच्या जागी वापरतात, पुढच्या वेळी बरोबर वापरतात. मला खटकलं ते जे नव्हतं ते. ही मुलगी परिच्छेद नेहमी एखाद्या माणसापासून सुरू करते: "आमच्या शेजारचे एक काका". वाक्यं "मग" आणि "पण" यांनी जोडते. आणि एकदा सांगितलेलं परत सांगते, त्यावरून मी तिला दोनदा समासात टोकलंय. माणूस सुधारतो तेव्हा नवं येतं, पण जुन्या सवयी मध्ये मध्ये डोकावत राहतात. इथे पहिल्या दोन पानांत एकही "मग" नव्हता. माणूस नव्हता. प्रत्येक परिच्छेद "परिणामी"कडे उतरत होता. डीटीपीवाले काका वेलांटी बदलतात, परिच्छेद कुठून सुरू करायचा ते बदलत नाहीत.

गंमत म्हणून दोन्हीकडची दहा-दहा वाक्यं मोजली. निबंधात बहुतेक दहा-बारा शब्दांची, इथे वीसच्या वर. पण दहा वाक्यांवर काही ठरत नाही. ते आकडे खोडले, नाहीतर मीच त्यांना पुरावा समजून बसेन.

मग तिसरं पान उलटलं आणि तिथे ती होती. "माझी आजी तेव्हा कसबा पेठेत राहत होती." पुढची तीनही पानं तिचीच. म्हणजे फरक जुन्या आणि नव्या लिखाणातच नाही, एकाच प्रकल्पाच्या दोन भागांत आहे. इथे माझं ठरलं: विचारायचं. तिने फसवलं असं माझं ठरलेलं नाही, विचारायला पुरेसं कारण आहे एवढंच. संपूर्ण प्रकल्प एकसारखा सफाईदार असता तर मी आणखी एखादा कागद शोधला असता. एकाच निबंधाच्या जोरावर बोलावलं नसतं.

सोमवार

तिला एकटीला बोलावलं तर दारातूनच निकाल लागल्यासारखं होतं. म्हणून त्या गठ्ठ्यातल्या तिच्यासकट पाच जणांना दहा-दहा मिनिटं बोलावलं, कच्चं लिखाण असेल तसं घेऊन या म्हटलं. गुण अजून कुणाचेच भरले नव्हते.

"हे तूच लिहिलंस का" असं विचारलं नाही. त्याला हो-नाही एवढंच उत्तर येतं, आणि घाबरलेलं मूल खरं लिहूनही गडबडतं. पहिल्या पानावरचं "पुनर्वसनातील असमान भूवाटप" दाखवून म्हटलं, "हे मला तुझ्या शब्दांत सांग. कुठे वाचलंस?"

ती गप्प. मग, "म्हणजे मॅडम... जागा सगळ्यांना सारखी नाही मिळाली." बरोबरच होतं. "कुणाला कमी मिळाली?" त्यावर काही नाही. बोलण्यात अडखळते म्हणून असेल, असं धरून मी आजीच्या पानावर आले. तिथे ती पाच मिनिटं थांबली नाही, कुठल्या जिन्यावर उभं राहून आजीने पाणी बघितलं इथपर्यंत सांगितलं. मग अडखळणं बोलण्याचं नव्हतं.

तिने पिशवीतून दोनशे पानी वही काढली. पेन्सिलीने लिहिलेलं, भरपूर खोडलेलं. सुरुवातीची दोन पानं तिथे होती, पण वेगळी.

"मॅडम, मावसभाऊ स्पर्धा परीक्षा करतो ना, तो म्हणाला सुरुवात जरा भारदस्त पाहिजे. त्याने नीट करून दिली."

"नीट करून की लिहून?"

"... लिहून." मग हळूच, "तुम्ही कुणाला दाखवू नका असं नव्हतं म्हटलं."

नव्हतंच म्हटलं. सूचनेचा कागद काढून बघितला. मुलाखत घ्या, पानं सहा, तारीख अमुक. मदत किती चालेल यावर एक ओळ नाही. ही चूक माझी, ती दुरुस्त केली. घरच्यांनी वाचून चुका दाखवल्या तर चालेल, वाक्यं त्यांची नकोत, हे पाचही जणांना सांगितलं. तिने ती दोन पानं वहीवरून पुन्हा लिहायची, बाकीच्या चार पानांना हात लावायचा नाही आणि गुण त्यानंतर.

जाताना वही एका रात्रीपुरती माझ्याकडे ठेवायला सांगितली. आत्ता समोर उघडी आहे. भावाच्या पानावर वाक्य आहे: "परिणामी नागरिकांची मोठ्या प्रमाणावर वित्तहानी झाली." वहीत त्याच जागी पेन्सिलीने: "पाणी उतरल्यावर घरात गुडघ्याएवढा गाळ होता आणि त्यात पाटा सापडला पण तो आमचा नव्हता. मग आजीने तोच धुवून वापरला. तो अजून आहे."

त्यावर आडवी रेघ मारलेली. रेघ पेनाची आहे, भावाचीच असणार.

बुधवारी ती पानं आणणार आहे. डीटीपी नको, हातानेच आण म्हटलंय.